तारखेची वाट पाहणारी वही

मागच्या मे महिन्यात तुम्ही दोघं आलात तेव्हा धाकटीने माझ्या कपाटातली बीपीची वही काढली आणि विचारलं, "आजी, यातलं एक पान कुणी फाडलं?" मी म्हटलं, मीच. तिला ते खरं वाटलं नाही. वहीतलं पान फाडणाऱ्या मुलीला मी पस्तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलेलं आहे, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं दिसतं. तेव्हा घरात पाहुणे होते, तुमची काकू शेजारीच बसली होती, म्हणून मी विषय बदलला. आता लिहून पाठवते. राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे भाषा कुठे कडक वाटली तर वाटू द्या.

वही तुमच्या आजोबांसाठी सुरू केली होती. ते रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्तीनंतर त्यांना बीपी निघालं. आम्ही पूर्ण्यातच राहिलो, लाइनीच्या अलीकडच्या वस्तीत. तुमच्या बाबांनी तिकडून मशीन पाठवलं. त्याबरोबर इंग्रजीत चोवीस पानांची पुस्तिका होती. ती घरात मी एकटीने वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हातात पेन्सिल घेऊन. वाचलेल्या ओळीला बरोबरची बारीक खूण करायची माझी जुनी सवय आहे. पुस्तिकेत रंगीत तक्ता होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सौम्य, नारिंगी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे गंभीर.

आजोबांच्या डॉक्टरांनी वहीच्या पुठ्ठ्याच्या आत स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे किंवा खालचा एकशे वीसच्या पुढे गेला तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा बघा. पुन्हा तसाच आला आणि छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, दिसेनासं होणं असं काही असेल तर तडक दवाखाना. त्रास काही नसेल तरी त्याच दिवशी फोन. बाकीचे आकडे लिहून ठेवा, पुढच्या भेटीत बघू. हे मी चार वर्षं तंतोतंत पाळलं. सकाळी अंघोळीनंतर, चहाच्या आधी, खुर्चीत पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं गप्प. आजोबा म्हणायचे की गाडी सोडतानासुद्धा मला एवढे नियम नव्हते. आकडे एकशे पन्नास, कधी एकशे छप्पन्न. पिवळा रंग. मी लिहायची आणि पान उलटायची.

मग तुमच्या काकूला दिवस गेले. पहिलंच बाळंतपण. तिची तपासणी परभणीला, एका खाजगी डॉक्टरबाईंकडे. तुमचा काका तिला रजा काढून न्यायचा. सातवा महिना उलटल्यावर एका गुरुवारी तो तिला दाखवून आला आणि मला म्हणाला, बीपी थोडं वरच्या बाजूला आहे, घरी बघत राहा म्हणाल्यात, पुढची तारीख तीन आठवड्यांनी, गुरुवारीच. एवढंच. मी वहीत नवीन पान काढलं, लाल शाईने समास आखला आणि वर तिचं नाव घातलं. तेच पान.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या गुरुवारच्या सुमारास आकडे चढायला लागले. मला ते आजही तोंडपाठ आहेत. शुक्रवारी एकशे बेचाळीस, ब्याण्णव. शनिवारी एकशे सेहेचाळीस, चौऱ्याण्णव. रविवारी एकशे अठ्ठेचाळीस, शहाण्णव. सोमवारी एकशे चव्वेचाळीस, चौऱ्याण्णव. मंगळवारी एकशे बावन्न, अठ्ठ्याण्णव. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. आजोबांचा रोजचा आकडा याहून जास्त असायचा आणि आजोबा रोज बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडून यायचे. तक्त्यात रंग पिवळा. मला काळजीचं काहीच दिसलं नाही.

आणि अजून एक सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी रोज तीनदा मोजायची आणि तिन्हींतला सगळ्यात कमी आकडा लिहायची. मला वाटायचं, पहिल्यांदा पोर घाबरते म्हणून वाढतो, तिचा खरा आकडा कमीच असणार. परीक्षेत काठावरच्या मुलीला दोन मार्क वाढवून द्यावेत तसं. शाळेत मी ते कधीच केलं नाही. केलं ते इथे.

त्या आठवड्यात घरात सगळं चित्त रविवारच्या डोहाळजेवणावर होतं. आजोबांच्या थोरल्या बहीण, म्हणजे तुमच्या आत्याआजी, पाथरीहून आठ दिवस आधीच येऊन बसल्या होत्या. विहारातल्या बायकांना निमंत्रणं गेली होती, वंदना कोण घेणार ते ठरलं होतं, काकूची आई हिरवी साडी घेऊन येणार होती आणि दुसऱ्या दिवशी तिला माहेरी नेणार होती. काकूचं सोमवारपासून डोकं दुखत होतं. आत्याआजींनी पित्त म्हणून लिंबूपाणी दिलं आणि कपाळाला बाम चोळला. बोटातली अंगठी निघेना तेव्हा त्या म्हणाल्या, पोरीच्या अंगावर बाळसं आलंय. मी हसले. मीही हसले, हे लक्षात ठेवा.

सोमवारी मी परभणीच्या त्या दवाखान्यात फोन केला होता. मला निदान एवढं तरी सुचलं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. पण फोनवर मी काय विचारलं? तारीख थोडी अलीकडची मिळेल का, असं विचारलं, रेल्वेचं रिझर्वेशन विचारतात तसं. तिकडचा माणूस म्हणाला, मॅडम बाहेरगावी आहेत, तारीख पुढच्या गुरुवारचीच आहे, टेन्शन घेऊ नका. त्याने आकडे विचारले नाहीत. बाई गरोदर आहे, फोन सासूने केलाय, काहीतरी असेल, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही. पण आकडे मीही सांगितले नाहीत. वही समोर उघडी होती आणि मी त्यातलं एक अक्षर त्याला वाचून दाखवलं नाही. "बरं" म्हणून फोन ठेवला.

बुधवारी सकाळी आशाताई आली. आमच्या वस्तीतल्या गरोदर बायकांच्या घरी ती फेरी मारते. ती माझी विद्यार्थिनी. नववीत मी तिला इंग्रजीत नापास केलं होतं, चार मार्कांनी. वर्ष वाया गेलं म्हणून बापाने शाळा सोडवली, लग्न लावून दिलं. पुढे दोन लेकरं झाल्यावर तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली आणि आशा, म्हणजे सरकारची आरोग्य कार्यकर्ती, झाली. इतकी वर्षं रस्त्यात भेटली की ती "जयभीम बाई" म्हणायची आणि मी मान हलवून पुढे जायची. घरात आली की मी तिला पाणी द्यायची आणि तिच्या हातातलं ते सरकारी लाल कार्ड टेबलाच्या एका कोपऱ्याला सरकवायची. चित्रांचं कार्ड. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतं, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी तिने पाणी घेतलंच नाही. दारातूनच काकूकडे बघितलं.

"तोंड लय सुजलंय गं हिचं. कवापासून?"

आत्याआजी म्हणाल्या की ती सूज नव्हे, बाळसं आहे. आशाताई काकूच्या पायाशी बसली, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. मग तिने विचारलं, डोकं दुखतं का, डोळ्यापुढं काही होतं का. काकू माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग की. तेव्हा ती हळूच म्हणाली की काल संध्याकाळपासून डोळ्यापुढं चमकल्यासारखं होतंय, भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख नीट लागत नाही. आणि बरगडीखाली दुखतंय. आम्हाला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, रविवारचा कार्यक्रम मोडेल म्हणून.

मी मशीन आणलं. आशाताईने काकूला खुर्चीत बसवलं, पाठ टेकवली, बाही वर केली आणि आम्हा सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. आत्याआजींनासुद्धा. एकशे चौसष्ट, एकशे सहा.

आत्याआजी म्हणाल्या, ते मशीनच बिघडलंय, काल भावकीतल्या तिघांनी हात घालून बघितलाय त्याच्यात. आजोबा पुढे आले, पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि गप्प बसले. एकशे बावन्न, चौऱ्याऐंशी. त्यांचा रोजचा आकडा. मशीन ठीक होतं.

आणि मी काय केलं? मी कपाटातून ती इंग्रजी पुस्तिका आणली. तक्त्याचं पान काढून म्हटलं, "नारिंगी आहे. मध्यम लिहिलंय. लाल नाही अजून."

आशाताईने पुस्तिका माझ्या हातातून घेतली. तिला ती पूर्ण वाचता येत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"बाई, ह्याच्यात गरोदर बाई कुठं हाय ते दाखवा मला."

मी पानं उलटली. नवव्या पानावर, सूचनांमध्ये, बारीक टायपात एक ओळ होती. गरोदर स्त्रियांनी या तक्त्यावरून निष्कर्ष काढू नयेत, डॉक्टरांना विचारावं. आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होती. माझी. मी ती ओळ वाचली होती, खूण केली होती, आणि पुढे गेले होते, कारण तेव्हा घरात गरोदर कुणी नव्हतं. ज्या दिवशी तुमच्या काकूला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी ती ओळ पुन्हा वाचायला हवी होती. माझ्याइतकी व्यवस्थित बाई दुसऱ्या कुणाच्या घरात नाही असं सगळे म्हणतात. त्या व्यवस्थितपणाला काय चाटायचं आहे?

आशाताईने मग वही मागितली. शेवटचे पाच दिवस तिने बोटाने वाचले. मी म्हटलं, तिन्हींतला कमी लिहिलाय मी. तिने वर बघितलं.

"मला चार मार्क दिले न्हाईत तुमी. अन् बीपीला दिलेत व्हय?"

ती रागाने बोलली नाही, हसूनही नाही.

तिने आम्हाला जे सांगितलं ते तुम्हाला लिहिते, कारण तुमच्याही घरात कधीतरी हे मशीन येईल. आजोबांचा हिशेब वेगळा आणि पोटुशी बाईचा वेगळा. पोटुशीला वरचा एकशे चाळीस किंवा खालचा नव्वद, यातला एक जरी आकडा दोनदा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टर. तारीख कधीची आहे ते बघायचं नाही. आणि वरचा एकशे साठ किंवा खालचा एकशे दहा झाला तर बाईला काही वाटत असो नसो, तडक मोठा दवाखाना, कारण यातून झटके येतात, आई जाते, लेकरू जातं. डोकं दुखणं, चमकणं, बरगडीखालचं दुखणं सोबत असेल तर आकडा थोडा कमी असला तरी थांबायचं नाही. हे सांगताना तिने टेबलाच्या कोपऱ्यातलं लाल कार्ड ओढलं आणि उघडून माझ्यापुढे धरलं. डोकं धरून बसलेली बाई. सुजलेले पाय. तीन महिने ते कार्ड माझ्या टेबलावर पडून होतं. मराठीत होतं. चित्रांसकट.

ती म्हणाली, पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा बघू, पण नुसतं बसून बघायचं नाही, तोवर पिशवी भरा आणि एकशे आठला फोन लावा. फोन तिनेच लावला.

तेव्हा आत्याआजी उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आठवा महिना लागलेल्या बाईला प्रवासाला काढत नाहीत, सातव्यातलं लेकरू हाती लागतं पण आठव्यातलं लागत नाही, असं त्यांनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं. गाडीत धक्के बसले आणि आठव्यातच कळा आल्या तर काय, असं त्या विचारत होत्या. त्या वाईट बाई नाहीत. त्यांचं स्वतःचं एक बाळ आठव्यात गेलेलं आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पण मला तेव्हा दया आली नाही, रागच आला.

त्या म्हणाल्या, "रईवार होऊ दे. सोमवारी तिची आई नेईल, तिला जे करायचं ते करू दे. आपल्या घरातून आठव्यात भाईर काढायची न्हाई."

म्हणजे जे व्हायचं ते माहेरच्यांच्या माथी. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, आणि त्या रीतीच्या आड सासर कसं लपतं ते मी त्या क्षणी स्वच्छ बघितलं. मीही तेच करत नव्हते का? पुढच्या गुरुवारी ती माहेरी असणार होती. तारखेला तिला न्यायचं काम तिच्या आईचं होतं. मी फक्त वही सोबत देणार होते, नीट कव्हर घालून.

पंधरा मिनिटं झाली. एकशे बासष्ट, एकशे सहा.

आजोबा उठले. बहिणीला ते आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते. खांद्याला धरून त्यांनी तिला उंबऱ्यातून बाजूला केलं आणि म्हणाले, "आक्का, सिग्नल लाल असला की ड्रायव्हर टाइमटेबल दाखवत नसतो. बाजूला सर."

एकशे आठची ॲम्ब्युलन्स आली, आणि आम्ही आधी इथल्याच ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने स्वतः बीपी बघितलं, लघवीत पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बदलला. लघवीतून प्रथिनं जातायत म्हणाला. झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही कुल्ल्यांवर एकेक मोठं इंजेक्शन दिलं, बीपीची गोळी दिली, परभणीच्या सरकारी दवाखान्यात फोन करून कळवलं आणि त्याच गाडीने पुढे पाठवलं. सोबत एक सिस्टर दिली. इंजेक्शनने काकू कण्हत होती, अंगाची आग होतेय म्हणत होती. मी तिचा हात धरला होता. हातातली अंगठी मांसात रुतली होती. गाडी परभणीच्या रस्त्याला लागली आणि मी मनात एकच विचार करत होते, की हिला आत्ता झटका आला तर मी हिच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू की शुक्रवारपासून मी हे लिहून ठेवलंय.

परभणीत एक लहानखुरी डॉक्टर होती, माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींच्या वयाची. तिने विचारलं, कधीपासून वाढलंय? मी वही दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली, लाल समासावरून बोट फिरवलं.

"वही सुंदर ठेवलीय, आजी," ती म्हणाली. "पाच दिवस ही ठेवत बसलात?"

मग ती आत गेली. मला तिचा राग आला आणि लगेच कळलं की तिचा यायचं कारण नाही.

तुमचा काका ड्युटीवरून थेट तिथे आला. आल्या आल्या तो कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होता. मी त्याला आकड्यांचं सांगायला लागले, एकशे चाळीस, नव्वद, दोनदा. तो थांबला.

"हो," तो म्हणाला, "त्या मॅडम म्हणाल्या होत्या असं काहीतरी."

"काय म्हणाल्या होत्या?"

"एकशे चाळीस-नव्वदच्या वर दोनदा आलं तर तारखेची वाट बघू नका, या म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, आई बघतेय म्हटल्यावर... तुला माहीतच असतं सगळं."

मी त्याला मारलं. दंडावर, जोरात, कॉरिडॉरमध्ये चार लोकांदेखत. तो सहा फुटी माणूस आहे आणि मी कधी वर्गातल्या मुलांनाही हात लावला नव्हता. तो भिंतीला पाठ लावून खाली बसला. ज्या बाईच्या पोटात त्याचं मूल होतं तिच्या बाबतीतलं एक वाक्य, पंधरा शब्दांचं, तो परभणीहून पूर्ण्यापर्यंत आणू शकला नाही. आणि त्याला तसं वाढवलं मीच, सगळं आईच्या वहीत असतं म्हणून.

मूल अजून आठ आठवडे आत राहायला हवं होतं. त्याच्या फुप्फुसांसाठी काकूला इंजेक्शनं दिली आणि बीपी औषधांनी खाली धरून दोन दिवस मिळवायचा प्रयत्न केला. दोन दिवस मिळाले. शुक्रवारी दुपारी बीपी औषधांना दाद देईना, रक्ताचे रिपोर्टही बिघडले, तेव्हा त्यांनी सिझर केलं. मुलगी, पावणेदोन किलोला थोडी कमी. रविवारी, ज्या वेळी आमच्या अंगणात ओटी भरली जायची होती, त्या वेळी मी काचेतून तिच्याकडे बघत होते. नाकाला नळी, तळपाय माझ्या अंगठ्याएवढे. आत्याआजी शेजारी उभ्या होत्या. आठव्यातलं लेकरू श्वास घेत होतं आणि त्या मोठ्याने श्वास मोजत होत्या. पन्नासच्या पुढे गेल्या आणि रडायला लागल्या. तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला.

ती मुलगी म्हणजे तुमची चुलतबहीण, जिने मे महिन्यात तुमच्या चष्म्याची काडी मोडली.

सोडताना त्या छोट्या डॉक्टरने बजावलं की बाळंतपण झालं म्हणजे संपलं असं नाही, पुढचे काही आठवडे धोका राहतो, घरी रोज बघा. एकशे पन्नास किंवा खाली शंभर आला तर त्याच दिवशी दाखवा. एकशे साठ, एकशे दहाला निघूनच या. डोकं दुखलं, चमकलं, तर आकड्यासाठी थांबू नका. मी पेन काढलं आणि परत ठेवलं. म्हटलं, हे तिच्या नवऱ्याला लिहायला सांगा. तिने सांगितलं. काकाने लिहिलं आणि काकूने मोठ्याने वाचलं, दोनदा.

घरी आल्यावर नवव्या दिवशी आकडा आला एकशे बावन्न, शंभर. पुन्हा बघितला, तोच. डोकं दुखत नव्हतं, काही नव्हतं, काकू म्हणाली आई, परवा तारीख आहेच की. मी तिला तिथेच गप्प केलं. काकाने ड्युटी बदलून घेतली आणि दुपारच्या आत आम्ही परभणीत होतो. गोळी वाढवली, संध्याकाळी परत आलो. झालं एवढंच. एका दिवसाचं काम होतं. तसंच त्या शुक्रवारीही एका दिवसाचंच काम होतं.

महिन्याभराने आशाताई आली. बाळाचं वजन केलं, कार्डावर लिहिलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली की विहारात दर महिन्याला ती पोटुशी बायांची बैठक घेते. नुसतं तोंडाने सांगितलं की बाया "बरं" म्हणतात आणि घरी जातात. त्यांना दाखवायला काहीतरी हवंय.

"बाई, ते पान मागू का? तुमचं नाव न्हाई सांगायची मी."

मला आधी संताप आला. पाच दिवसांचे ते पाच आकडे, सुबक, समासाला लागून, आणि खाली काहीच नाही. विहाराच्या भिंतीवर. त्या बैठकीतल्या निम्म्या पोरी, नाहीतर त्यांच्या आया, माझ्या हाताखालून गेलेल्या आहेत. इंग्रजी एकचं आणि सातचं वळण मी त्यांच्याकडून दोनदोनशे वेळा गिरवून घेतलेलं आहे. नाव सांगायची गरजच नव्हती.

मी पट्टी लावून पान फाडलं, कड सरळ राहावी म्हणून. फाडण्याआधी त्या पाचही आकड्यांपुढे रोजचे उरलेले दोन आकडे आठवतील तसे लिहिले, जे मी गाळले होते, आणि सगळ्यात वरच्या आकड्याखाली लाल रेघ मारली. शुक्रवारपुढे लिहिलं, "आजच जा." शनिवारपुढे लिहिलं, "काल गेला नसाल तर आत्ता जा." मग पान तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, चौकोनी घडी घातली आणि लाल कार्डांच्या गठ्ठ्यात ठेवलं.

ते पान अजून तिथे लावलेलं आहे. मी दर पौर्णिमेला विहारात जाते आणि त्याच्यासमोर बसते.